तिमाहीचा नेटवर्थ तक्ता : वाढीतला आपला वाटा किती?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, नेटवर्थ म्हणजे आपल्याकडे जे आहे त्यातून देणं वजा करून उरतं ते. दर तिमाहीच्या शेवटच्या दिवशी शीटमध्ये एक रकाना भरायचा. B2 ते B5 मध्ये एनपीएस, बँक, सोनं आणि प्लॉट; B6, B7 मध्ये गृहकर्ज आणि पतसंस्थेचं कर्ज. खाली हे सूत्र :

```
=SUM(B2:B5)-SUM(B6:B7)
```

समजा, एका शिक्षक कुटुंबाचा आकडा जूनअखेर १३,५०,००० आणि सप्टेंबरअखेर १४,८०,००० आला. वाढ १,३०,०००. छान वाटतं, पण ही वाढ जरा फोडून बघा. सोन्याचा भाव चढला म्हणून ५०,००० आणि एनपीएसच्या युनिटचा भाव वाढला म्हणून १०,००० आले. हे पुढच्या तिमाहीत उतरूही शकतात. उरले ७०,००० : एनपीएसचे हप्ते ३०,०००, बँकेतली शिल्लक १०,००० नं वाढली आणि कर्जाचं मुद्दल ३०,००० नं उतरलं. प्रगती बघायची ती या ७०,००० मध्ये.

कर्जाच्या ओळीत हमखास चूक होते. भरलेले सगळे हप्ते कर्जातून वजा केले जातात, पण हप्त्यात व्याजही असतं ना! स्टेटमेंटवरची बाकी मुद्दलच लिहा.

प्लॉट मात्र खरेदीच्या किमतीलाच ठेवा. २०२० मध्ये मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत आली, तेव्हापासून हिंगणा रोडचा भाव कोण किती सांगेल, नेम नाही. विकाल तेव्हा खरा आकडा कळेलच.

एनपीएसची कपात खात्यात उशिरा जमा झाली, तर तिमाही उगाच पडलेली दिसते. पगारपत्रक बघून शेजारी तेवढी टीप लिहून ठेवा.