टीडीएस कापला, तरी कर उरतोच

फ्रीलान्स काम करणाऱ्या अनेकांना वाटतं, की कंपनीने बिलातून दहा टक्के कापले म्हणजे आपला कर भरून झाला. पगारदाराच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं असतं, कारण त्याचं ऑफिस वर्षभराचा पगार धरून, स्लॅबप्रमाणे हिशेब करून कर कापतं. फ्रीलान्सरच्या ग्राहकाला मात्र त्याचे बाकीचे ग्राहक, त्याचा खर्च, त्याचा स्लॅब यांतलं काहीच ठाऊक नसतं. तो ठरलेल्या दराने बिलाचा एक हिस्सा कापून सरकारकडे जमा करतो, एवढंच. वर्षाचा पूर्ण कर काढायचा आणि टीडीएस वजा करून उरलेली रक्कम वर्ष संपायच्या आत भरायची, ही जबाबदारी आपली. वजाबाकीनंतर दहा हजार रुपये किंवा त्याहून जास्त उरत असतील, तर आगाऊ कर म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स लागू होतो.

आकडे घेऊन पाहू. समजा, नाशिकची एक डिझायनर जाहिरातींचं काम करते. २०२५-२६ या वर्षात तिला १९ लाख रुपये मिळतील. त्यातले ६ लाख भारतीय कंपन्यांकडून आणि १३ लाख परदेशी एजन्सीकडून येतील. सॉफ्टवेअर, लॅपटॉपचा घसारा, इंटरनेट, जागेचं भाडं असा खर्च ३ लाख. म्हणजे करपात्र उत्पन्न १६ लाख. नव्या करप्रणालीत त्यावर १,२०,००० रुपये कर होतो आणि चार टक्के उपकर धरून १,२४,८००. भारतीय कंपन्यांनी दहा टक्क्यांनी ६०,००० कापले. परदेशी एजन्सी टीडीएस कापत नाही. उरले ६४,८०० रुपये, आणि हेच तिला हप्त्यांनी भरायचे आहेत.

हप्ते चार. १५ जूनपर्यंत या रकमेच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळी रक्कम. टक्केवारी दर वेळी एकूण मोजायची, म्हणजे आधी भरलेलं त्यातून वजा होतं. आपल्या डिझायनरने जूनमध्ये ९,७२०, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी १९,४४० आणि मार्चमध्ये १६,२०० भरले, की तिचा हिशेब पुरा.

तिने यातलं काहीच भरलं नाही आणि जुलैअखेर विवरणपत्रासोबत ६४,८०० एकदम भरले, तर दोन वेगवेगळी व्याजं लागतात. एक हप्ते चुकल्याचं. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर दरमहा एक टक्का, प्रत्येकी तीन महिन्यांचं, आणि शेवटच्या हप्त्यावर एकाच महिन्याचं. दुसरं व्याज ३१ मार्चपर्यंत नव्वद टक्केही न भरल्याचं, एप्रिलपासून भरेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याला एक टक्का. तिच्या बाबतीत पहिलं ३,२७० आणि दुसरं २,५९२ रुपये होतं. एकूण ५,८६२. मार्चचा हप्ता हुकला तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच धरली जाते, त्यामुळे हे दुसरं, दर महिन्याला वाढत जाणारं व्याज तरी टळतं.

फ्रीलान्सरला खरी अडचण येते ती अंदाजाची. जूनमध्ये वर्षाचं उत्पन्न कोण सांगणार? कायदा इथे थोडीच ढील देतो. जूनमध्ये १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ३६ टक्के भरलेले असतील, तर त्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. पण मोठं काम जानेवारीत आलं, तरी हप्त्यांची तूट शेवटी विवरणपत्रातल्या पूर्ण उत्पन्नावरच मोजली जाते. माझ्या मते अनियमित कमाईवाल्यांवर हा अन्याय आहे. भांडवली नफ्याला यात सवलत आहे, तशीच आयुष्यात पहिल्यांदाच व्यवसायाचं उत्पन्न सुरू झालेल्यालाही आहे. नोव्हेंबरमध्ये नोकरी सोडून सल्लागार झालेल्याने त्या नव्या उत्पन्नावरचा कर उरलेल्या हप्त्यांत भरला, तर जून-सप्टेंबरचं व्याज त्याच्या माथी बसत नाही. इतरांनी प्रत्येक हप्त्याआधी अंदाज नव्याने मांडावा आणि मागची तूट पुढच्या हप्त्यात भरून काढावी.

वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुरचनाकार, आयटी सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मं उत्पन्न गृहीत धरून कर भरायची मुभा आहे. तो मार्ग घेतला तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो.

आता टीडीएसकडे. ग्राहक कापलेल्या कराचं विवरण तिमाहीने भरतो. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत, आणि जानेवारी ते मार्चचं तर थेट ३१ मेपर्यंत. त्यामुळे १५ जूनला फॉर्म 26AS उघडून पाहिला, तर नव्या वर्षाचा टीडीएस त्यात दिसतच नाही. हप्त्याचा हिशेब म्हणून स्वतःच्या बिलांवरून करावा, आणि ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी, जून या महिन्यांत तो 26AS शी ताडून पाहावा. बिल, कापलेली रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम असा साधा तीन रकान्यांचा तक्ता पुरतो.

ग्राहकाने कापायला हवा होता, पण कापलाच नाही आणि पूर्ण पैसे दिले, तर तो टीडीएस हप्त्याच्या हिशेबात वजा करता येत नाही. कमी आगाऊ कर भरल्याचं व्याज आपल्यालाच पडतं. याउलट त्याने कापला पण सरकारकडे भरला नाही, तर कायद्यानुसार तो कर आपल्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. अडचण अशी की 26AS मध्ये नसलेली रक्कम संगणक मान्य करत नाही आणि मागणीची नोटीस निघते. अशा वेळी बिल, ग्राहकाने कापल्याचं लेखी कळवलेली ईमेल आणि कापून आलेल्या रकमेचं बँक स्टेटमेंट हेच आपले पुरावे.

मार्चच्या बिलांचा घोळ तर दरवर्षीचा. कंपनी ३१ मार्चला बिल खतावणीत घेते आणि टीडीएस त्याच वर्षात दाखवते, पैसे मात्र एप्रिलमध्ये येतात. तुम्ही पैसे आले तेव्हाच उत्पन्न धरत असाल, तर हे उत्पन्न पुढच्या वर्षाचं. टीडीएसचं श्रेय ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्या वर्षीच मिळतं. म्हणून या वर्षीच्या विवरणपत्रात तो टीडीएस मागायचा नाही, त्यातल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढच्या वर्षासाठी ओढायचा. उत्पन्न पुढे ढकलून टीडीएस मात्र आत्ताच मागितला, की विवरणपत्रातली जमा आणि 26AS मधली जमा जुळत नाही, आणि नोटीस येते ती इथूनच.

हप्ता भरताना प्राप्तिकर पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जाऊन Advance Tax (100) निवडायचं. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी करनिर्धारण वर्ष 2026-27 येतं, आणि लोक हमखास चुकतात ते इथेच. चुकीच्या वर्षात गेलेली रक्कम त्या वर्षाच्या खात्यात दिसते आणि आपला हप्ता न भरल्यासारखा राहतो. पैसे भरल्यावर चलन उघडून वर्ष आणि करप्रकार लगेच पाहावा, कारण चलन दुरुस्तीची मुदत फार थोडी असते.