कपाटात सहा जोड, विक्रीला अठरा

कोल्हापुरातल्या एखाद्या छोट्या चप्पल विक्रेत्याचा हिशोब समोर ठेवून पाहू. तपकिरी कोल्हापुरीचे आठ नंबरचे सहा जोड त्याच्या कपाटात आहेत. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो या तिन्ही ठिकाणी त्याने स्टॉक सहा असा भरला आहे, शिवाय दुकानातली विक्री चालूच आहे. म्हणजे माल सहा जोडांचा आणि ऑनलाइन मांडलेत अठरा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात अ‍ॅमेझॉनवर तीन, फ्लिपकार्टवर दोन, मीशोवर दोन आणि दुकानात एक, असे आठ जोड विकले गेले. प्रत्येक साइटने आपापली विक्री चोख वजा केली, पण दुसरीकडे काय खपलं हे तिला कळायला मार्गच नव्हता. आता दोन गिऱ्हाइकांची ऑर्डर रद्द करावी लागणार.

हे रद्द करणं महाग पडतं. विक्रेत्याने स्वतःहून रद्द केलेल्या ऑर्डरी सात दिवसांत अडीच टक्क्यांच्या आत राहाव्यात, अशी अ‍ॅमेझॉनची अपेक्षा असते. आठवड्याला चाळीस ऑर्डरी घेणाऱ्याची एक जरी ऑर्डर रद्द झाली, तरी तो थेट त्या मर्यादेवर जाऊन टेकतो. मर्यादा वारंवार ओलांडली तर खातं बंद होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे खरा आकडा एकाच ठिकाणी ठेवणं. मग ते एक्सेलचं शीट असो किंवा स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक नंबराला वेगळा कोड हवा, उदाहरणार्थ `KOL-BRN-8`, आणि तोच कोड सगळ्या साइटवर हवा. विक्री कुठेही झाली तरी वजावट आधी या मुख्य नोंदीत व्हायची आणि तिथून नवा आकडा सगळीकडे जायचा. दुकानात रोखीने गेलेला जोडही याच नोंदीतून वजा व्हायला हवा. नेमका तोच राहून जातो.

इथे एक चूक हमखास होते. संध्याकाळी कपाटातले जोड मोजायचे आणि तोच आकडा साइटवर भरायचा. पण ऑर्डर आलेले, अजून पॅक न झालेले जोडही कपाटातच असतात. त्यामुळे विकलेला जोड पुन्हा विक्रीला लागतो. म्हणून कपाटातल्या मालातून आलेल्या ऑर्डरी वजा करून जो उरेल, तोच मोकळा स्टॉक धरायचा.

दुसरा प्रश्न वेळेचा. सॉफ्टवेअर दर पंधरा मिनिटांनी आकडे जुळवत असेल, तर त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक साइट जुनाच आकडा दाखवत असते. गर्दीच्या काळात एवढ्या वेळात सगळीकडे मिळून या नंबराचे जास्तीत जास्त तीन जोड जात असतील, तर दोन जोड राखीव ठेवावेत. मोकळे सहा असतील तर सगळीकडे चार दिसतील. मोकळे तीन उरले की एक दिसेल. तेव्हा एकदम तीन ऑर्डरी आल्या तरी तीन जोड हाताशी असतातच. दोन उरले की सगळीकडे शून्य. हे शेवटचे दोन पडून राहू द्यायची गरज नाही. ते एकाच साइटवर लावावेत किंवा फक्त दुकानात विकावेत, दोन्हीकडे नाही. दिवाळीच्या सेलमध्ये खप वाढतो, तेव्हा राखीव आकडाही वाढवावा लागतो.

सकाळ-संध्याकाळ हाताने आकडे भरणाऱ्याला मात्र हे जमणार नाही. आठ तासांत आठ जोड खपत असतील, तर राखीव सात ठेवावे लागतील आणि माल तर सहाच. अशाने माल वाटूनच द्यावा: अ‍ॅमेझॉनला दोन, फ्लिपकार्टला दोन, मीशोला एक, दुकानाला एक. यात जास्तीची ऑर्डर येऊच शकत नाही. तोटा इतकाच की अ‍ॅमेझॉनवर माल संपलेला दिसतो आणि मीशोच्या वाट्याचा जोड तसाच पडून राहतो. आठवड्याला चार-पाच ऑर्डरी असतील तर हा तोटा सोसण्यासारखा आहे. ऑर्डरी वाढल्या की सॉफ्टवेअरचा खर्च परवडू लागतो.

परत आलेल्या मालाबाबत घाई नको. साइटवर ‘रिटर्न’ दिसलं म्हणून लगेच स्टॉक वाढवायचा नाही. पार्सल हातात यावं, ते उघडावं, आठ नंबरचाच जोड आहे ना आणि तळ झिजलेला नाही ना हे बघावं, मगच एकने वाढवावा.

नोंद कुठे बिघडते आहे, हे ओळखायला दर आठवड्याला जास्त खपणाऱ्या चार-पाच नंबरांची मोजणी पुरते. ऑर्डरींचे जोड बाजूला काढून मोजावं. नोंदीपेक्षा कपाटात कमी भरले, तर बहुधा दुकानातली विक्री लिहायची राहिली आहे. जास्त भरले, तर परत आलेला माल चढवायचा राहिला असेल किंवा एकच ऑर्डर दोनदा वजा झाली असेल. आणि नोंदीत आकडा उणे दिसला, तर तो पुसून शून्य करू नये. कोणत्या दोन ऑर्डरी एकाच जोडावर आल्या आणि त्यांच्यात किती मिनिटांचं अंतर होतं, हे आधी पाहावं. राखीव किती ठेवायचे, ते त्या अंतरावरूनच ठरतं.