अंधारबनचं माहितीपत्रक लिहिताना

आमच्या ट्रेकिंग गटाच्या पावसाळी सहलींची माहितीपत्रकं मी लिहितो. धबधब्याचं वर्णन पटकन लिहून होतं. वेळ लागतो तो त्याखालच्या ओळींना: चालायचं किती, उतरायचं किती, ओढा कधी ओलांडायचा नाही आणि परत फिरायचं कुठून.

अंधारबनचंच घ्या. ताम्हिणीजवळच्या पिंपरीतून निघून रायगडातल्या भिऱ्याला उतरायचं, अंतर सुमारे १३ किलोमीटर. चढ फारसा नाही, म्हणून अनेक जाहिरातींत ‘सोपा, नवख्यांसाठी’ असं छापलेलं असतं. हिर्डी गावापर्यंतची वाट झाडीतून बऱ्यापैकी सपाट जाते, हे खरं. पण पुढे भिऱ्यापर्यंत ओल्या, निसरड्या दगडांवरून मोठा उतार आहे आणि तो पाय थकल्यावर येतो. तिथे दम लागत नाही, गुडघे भरून येतात. म्हणून आम्ही लिहितो: ‘श्रेणी मध्यम. थांबे धरून सहा-सात तास. पाठीवर सॅक घेऊन सपाटीवर आठ किलोमीटर दोन तासांत चालून पाहा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे दुखले, तर हा ट्रेक यंदा नको.’ ‘फिटनेस चांगला हवा’ असं लिहिलं, तर प्रत्येकाला तो आपल्यात आहे असंच वाटतं.

दुसरी ओळ ओढ्याची. वाटेत पाण्याचे प्रवाह आडवे येतात. आपल्या डोक्यावर पाऊस नसला, तरी वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली पोचतो. नितळ पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, मघाशी दिसणारा दगड बुडाला, की पाणी चढतंय हे समजावं. त्यामुळे नियम मोजता येईल असाच लिहितो: ‘वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर कोणीही ओलांडणार नाही. कमरेला दोर बांधून तर नाहीच.’ पाय घसरला तर ताणलेला दोर माणसाला पाण्याखालीच दाबून धरतो. धबधब्याखाली उभं राहायला आम्ही कुणालाच परवानगी देत नाही, कारण पाण्याबरोबर दगडही येतात.

परतीचा प्रश्न गाडीत अडकलेला असतो. पिंपरीत माणसं उतरवून गाडी घाटाने भिऱ्याला जाते. ती लगेच निघून गेली, तर ओढ्यावरून मागे फिरायला कुणाचं मन होत नाही. म्हणून सगळे पहिला मोठा ओढा पार झाल्याचा निरोप गावातल्या वाटाड्याकडून येईपर्यंत गाडी पिंपरीतच थांबते, आणि हे पत्रकात छापलेलं असतं. पैसे परत मिळण्याची अटही त्याच ओळीत असते: ‘प्रशासनाने बंदी घातली किंवा पाणी वाढलं, तर ट्रेक रद्द, पैसे परत.’

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्यात उभे असतानाच लोंढा वाढला होता. म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकाला विचारा: पाणी किती चढलं की तुम्ही मागे फिरता, आणि तेव्हा गाडी कुठे असते? नेमकं उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.