पंधरा वर्षांचा अनुभव दोन पानांत कसा बसवायचा?

पंधरा वर्षे नोकरी केलेल्या व्यवस्थापकाचा रेझ्युमे अनेकदा पाच-सहा पानांचा होतो. प्रत्येक नोकरीत नवी माहिती जोडली जाते, जुनी मात्र कोणी काढत नाही. वरिष्ठ पदासाठी साधारणपणे दोन पाने पुरेशी असतात. मग काय ठेवायचे आणि काय गाळायचे?

समजा, चाकणच्या एका वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यातील उत्पादन व्यवस्थापक प्लांट हेडच्या पदासाठी अर्ज करतो आहे. त्याच्या अलीकडच्या पाच-सहा वर्षांना निम्म्याहून अधिक जागा मिळायला हवी, कारण नव्या पदाशी जुळणारे काम तिथेच आहे. मधल्या वर्षांतील प्रत्येक नोकरीला दोन-तीन ओळी पुरतात. सुरुवातीच्या इंजिनीअरच्या नोकऱ्यांचे फक्त पद, कंपनी आणि वर्षे द्यावीत. त्या पूर्ण गाळल्या, तर कारकिर्दीत खंड पडल्यासारखे वाटते.

आता त्याच्या जुन्या रेझ्युमेतील एक ओळ पाहू : ‘गुणवत्ता सुधारण्याची जबाबदारी सांभाळली.’ यातून फक्त काम कळते, परिणाम कळत नाही. कारखान्याचे जुने मासिक अहवाल आणि वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म पाहिल्यावर आकडे सापडतात. महिन्याला ५०,००० भाग तयार होत, रिजेक्शन ४.२ टक्के होते, ते १४ महिन्यांत १.८ टक्क्यांवर आले. म्हणजे खराब भाग २,१०० वरून ९०० झाले, महिन्याला १,२०० ने कमी. एका भागाचा उत्पादनखर्च ११० रुपये आणि भंगारातून मिळणारे २५ रुपये धरले, तर खरे नुकसान ८५ रुपयांचे. त्या हिशेबाने वर्षाची बचत सुमारे १२ लाख रुपये होते.

नवी ओळ अशी : ‘३ शिफ्ट आणि १४० कामगारांच्या लाइनवर मशीन सेटिंगची तपासणी बदलून रिजेक्शन १४ महिन्यांत ४.२ वरून १.८ टक्क्यांवर आणले. वार्षिक बचत सुमारे १२ लाख रुपये.’ कामाचा आवाका, केलेला बदल, आधीची आणि नंतरची स्थिती, लागलेला काळ हे सारे एका वाक्यात आले.

चूक होते ती इथेच. भंगाराची किंमत वजा केली नाही, तर बचत १५ लाखांच्या पुढे दिसते आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते. बदल दुसऱ्या विभागाने सुचवला असेल, तर ‘अंमलबजावणी केली’ असेच लिहावे. उत्पादनाची संख्या किंवा रुपयांतील रक्कम कंपनीसाठी गोपनीय असेल, तर केवळ घट किती टक्के झाली ते द्यावे. ओळ पक्की आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे : ‘हा आकडा कसा काढला?’ या प्रश्नाचे उत्तर कागद न पाहता देता आले पाहिजे. जिथे ते देता येत नाही, ती ओळ गाळावी.