पोटातले पाणी काय सांगते?
जलोदरात पोटातून सुईने काढलेल्या पाण्यातले अल्ब्युमिन त्याच दिवशीच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमधून वजा करतात. समजा, रक्तात 2.8 आणि पाण्यात 0.9 ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, फरक 1.9. तो 1.1 किंवा जास्त असला, की यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत दाब वाढल्याचे समजते. कारण बहुधा सिरॉसिस, कधी हृदयविकार. फरक कमी असल्यास पोटाच्या अस्तराचा क्षय किंवा कर्करोग शोधावा लागतो.

पेशींची मोजणी मात्र त्याहून तातडीची. याच रुग्णाच्या पाण्यात दर घनमिलिमीटरला 250 किंवा जास्त न्यूट्रोफिल आढळले, तर जंतुसंसर्ग धरून कल्चरची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करतात. लिम्फोसाइट जास्त असल्यास क्षयाचा संशय बळावतो. सिरॉसिससोबत क्षय असेल तर अल्ब्युमिनचा फरक मोठाच राहून तो लपू शकतो.