‘पैसे गेले’

रात्री पावणेअकरा. बँकेच्या चॅटवर एक मेसेज येतो: ‘sir’. सात सेकंदांनी दुसरा, ‘paise gele’. मग शांतता.

पलीकडे अजून माणूस नाही, यंत्र आहे. हे दोन शब्द वाचून त्याला ठरवायचंय की उत्तर आपणच द्यायचं, काही विचारायचं, की रात्रपाळीला बसलेल्या चार माणसांपैकी एकाला उठवायचं.

मराठीत ‘पैसे गेले’ याचे अर्थ किती, हे मोजायला बसा. यूपीआयने पाठवले, खात्यातून वजा झाले, पण समोरच्याला मिळाले नाहीत. किंवा कर्जाचा हप्ता कापला गेला आणि तारीख लक्षात नव्हती. खात्यात किमान शिल्लक नसल्याचा दंड बसला. किंवा कुणीतरी लुबाडलं. आणि कधी कधी ‘गेले बरं का’, म्हणजे व्यवहार नीट झाला, एवढंच कळवायचं असतं! बोलताना आवाजावरून कळतं. टाइप केल्यावर आवाज जातो.

त्यात आपल्याकडची एक सवय. आपण आधी दार वाजवतो. ‘नमस्कार सर’ लिहून थांबतो. ‘बोला’ म्हटल्यावर पुढे बोलतो. मेसेजही तुकड्यातुकड्यांनी येतात. पहिल्या तुकड्यावर झडप घालून ‘मी आपली काय मदत करू?’ म्हणणारं यंत्र दुसरा तुकडा येईपर्यंत भलत्याच वाटेला लागलेलं असतं. म्हणून जाणकार मंडळी यंत्राला आठ-दहा सेकंद गप्प बसवतात आणि आलेले तुकडे जोडून एकच मेसेज म्हणून वाचायला लावतात. नुसतं ‘sir’ माणसाकडे धाडण्यात काही हशील नाही. त्यालाही ‘बोला’च म्हणावं लागणार.

आता ‘paise gele’ हे जोडून वाचलं. अशी यंत्रं प्रत्येक शक्य अर्थाला शून्य ते एकमधला एक आकडा देतात, म्हणजे आपल्याला किती खात्री वाटते ते. रासा नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर यासाठी पुष्कळ वापरलं जातं. त्यात दोन उंबरठे असतात. पहिल्या क्रमांकाच्या अर्थाचा आकडा 0.3 च्या खाली गेला तर यंत्राने ‘समजलं नाही’ म्हणायचं. दुसऱ्याचं नाव `ambiguity_threshold`: पहिल्या दोन अर्थांमधलं अंतर 0.1 पेक्षा कमी असेल, तरीही ‘समजलं नाही’च. न सांगता बसवलेले हे आकडे बरेचजण तसेच ठेवतात. गोम इथेच आहे. यंत्राला किती खात्री आहे हा अर्धाच प्रश्न झाला. चुकलं तर कुणाचं किती जातं, हे त्या आकड्यात नसतंच.

एक हिशेब मांडून बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत. असे शंभर मेसेज आले. त्यांत साठांचे पैसे यूपीआयमध्ये अडकलेत, पंचवीस हप्त्याचे किंवा दंडाचे, पंधरा फसवणुकीचे. यंत्राने बहुमताला कौल दिला, तर ते शंभरही जणांना सांगेल, ‘काळजी नसावी, पैसे परत येतील.’ साठांच्या बाबतीत हे चुकीचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे, एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेली रक्कम वजा होऊनही जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. पण उरलेल्या पंधरांना हेच ‘काळजी नसावी’ ऐकवलं जातं, आणि ते धीर धरून बसले असताना चोर दुसरा हात मारतो.

मग शंभरही माणसांकडे पाठवले तर? एका संभाषणाला सहा मिनिटं धरली तरी दहा तासांचं काम झालं. चौघांवर वाटलं तरी रांग लागणार, आणि त्या रांगेत ते पंधरा कुठे उभे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. ‘सरळ माणसाला द्या’ हा सल्ला ऐकायला दयाळू वाटतो. पण ज्याला घाई आहे, त्याला तो हप्त्याची तारीख विसरलेल्याच्या मागे उभा करतो.

उरतो मधला मार्ग, एकच प्रश्न विचारण्याचा. मात्र प्रश्न कोणता, याला फार महत्त्व आहे. पहिल्यांदा सुचतो तो असा: ‘हा व्यवहार तुम्ही स्वतः केला का?’ तो फसवा आहे. वीजबिल थकल्याची धमकी ऐकून ज्याने स्वतःच्या बोटाने यूपीआय पिन टाकला, तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो आणि यंत्र त्याला साठांच्या गठ्ठ्यात टाकतं. त्यापेक्षा विचारावं, ‘पैसे तुम्हाला हव्या त्याच माणसाकडे गेले का?’ आणि खाली तीन बटणं: ‘त्यालाच पाठवले, पण मिळाले नाहीत’, ‘बँकेनेच कापले असं वाटतं’, ‘दुसरीकडेच गेले किंवा कळत नाही’. तिसरं बटण दाबणारा थेट माणसाकडे जातो. दोन मिनिटांत काहीच न दाबणाराही. आपल्या शंभरांत असे तीस-पस्तीस निघाले, तरी काम दहा तासांवरून तीन-साडेतीन तासांवर येतं, आणि बहुतेक फसलेले त्या छोट्या रांगेत असतात.

दुसरा प्रश्न मात्र विचारू नये. पहिल्या उत्तराने उलगडा झाला नाही की माणूस द्यावा. घाबरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा ‘कृपया पर्याय निवडा’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

फसवणुकीपुरता उंबरठा वेगळा ठेवायला हवा, हे यातूनच निघतं. एक फसवणूक हातची सुटली तर होणारं नुकसान पन्नास संभाषणांच्या खर्चाइतकं धरलं, तर पन्नासात एक, म्हणजे दोन टक्के शंकाही माणूस बोलवायला पुरेशी ठरते. खात्याचा उतारा मागणाऱ्यासाठी असा उंबरठा ठेवलात तर वेड लागेल.

घाई कशाची, हेही रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातून दिसतं. ग्राहकाच्याच हलगर्जीमुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून त्या पहिल्या अस्पष्ट मेसेजची वेळ जपून ठेवणं अगत्याचं. माणूस मिळायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात यंत्राने गप्प बसू नये; कार्ड आणि यूपीआय बंद करण्याचं बटण आणि सायबर फसवणुकीसाठीचा 1930 हा क्रमांक तरी समोर ठेवावा.

आपलं गणित चुकतंय हे ओळखायचं कसं? कंपन्यांचा आवडता आकडा म्हणजे ‘माणसाशिवाय मिटलेली संभाषणं’. तो लबाड आहे. वैतागून खिडकी बंद करणारा ग्राहकही त्यात ‘मिटलेला’ म्हणून मोजला जातो. मी असल्या नोंदी वाचल्या आहेत. शेवटची ओळ ‘आणखी काही मदत?’ आणि पुढे काहीच नाही. तोच ग्राहक 24 तासांत पुन्हा आला का, त्याने फोन लावला का, हे पाहिलं की खरं कळतं. आणि दर आठवड्याला यंत्राने स्वतःच निकालात काढलेल्या ‘पैसे गेले’पैकी पन्नास तरी कुणीतरी डोळ्यांनी वाचावेत.

तर, पावणेअकराचा तो मेसेज. ग्राहकाने तिसरं बटण दाबलं. रात्रपाळीच्या बाईंसमोर चार ओळी आल्या: मूळ शब्द, वेळ, दाबलेलं बटण आणि शेवटचा व्यवहार, 4,999 रुपये, 10 वाजून 31 मिनिटं. त्यांनी ‘आपली समस्या सांगा’ असं लिहिलं नाही. लिहिलं, ‘दादा, साडेदहाचे 4,999 दिसतायत. ते पाठवताना कुणी फोनवर होतं का?’

उत्तर लगेच आलं. ‘ho. ajun line var ahe’