एका वाड्याच्या दोन वाटण्या

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी कराचीत गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी एक घोषणा काढली आणि पाकिस्तानची संविधान सभा बरखास्त झाली. घटनेचा मसुदा तेव्हा जवळजवळ तयार होता. देश स्थापन करणाऱ्या मुस्लिम लीगला हा घाव अडवता आला नाही आणि पुढच्या वर्षी फेडरल कोर्टानेही सरकारच्या बाजूने कौल दिला. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, लष्करी कायदा लागू झाला. दिल्लीत मात्र १९५० पासून घटना अमलात होती आणि १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूकही पार पडली होती.

असे का झाले, हे शोधताना राज्यशास्त्राचे अभ्यासक आधी साम्य मोजतात. जितकी साम्ये जास्त, तितके संशयित कमी. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये मांडलेल्या या तर्काला राज्यशास्त्रात पुढे ‘सर्वाधिक साम्य असलेल्या उदाहरणांची तुलना’ असे रूप आले. दोन्ही ठिकाणी सारखी असलेली गोष्ट वेगळ्या निकालाचे कारण ठरू शकत नाही, निदान एकटी तरी नाही. भारत-पाकिस्तान ही जोडी यासाठी विलक्षण आहे. दोघांवर एकच राजवट होती. दोघांनीही सुरुवातीला १९३५ चाच कायदा दुरुस्त करून वापरला. सनदी सेवा, न्यायालये आणि फौज एकाच मुशीतली, आणि गरिबी व निरक्षरता दोन्हीकडे. म्हणजे ‘गरीब देशात लोकशाही टिकत नाही’ किंवा ‘इंग्रजांच्या वारशामुळे टिकली’ ही उत्तरे इथे गळून पडतात.

उरलेल्या फरकांपैकी नेत्यांच्या मृत्यूचा फरक लोकांना पटकन आठवतो. जिना १९४८ मध्ये गेले, लियाकत अली खान यांची १९५१ मध्ये हत्या झाली. पण भारतानेही १९४८ मध्ये गांधीजींना आणि १९५० मध्ये वल्लभभाईंना गमावले. नेहरू राहिले, हे खरे. तरीही खरा प्रश्न वेगळा आहे: नेता गेल्यावर मागे काय उरले?

राज्यशास्त्रज्ञ माया ट्यूडर यांनी नेमके इथेच बोट ठेवले आहे. त्यांच्या मते फरक पक्षांच्या घडणीत आणि त्यांच्या सामाजिक आधारात होता, आणि तो १९४७ च्या आधीचा होता. हा कालक्रम महत्त्वाचा आहे, कारण परिणामानंतर उगवलेला फरक कारण म्हणून चालत नाही.

डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. चार आण्यांचे सभासदत्व, भाषेनुसार प्रांतिक समित्या आणि वर कार्यकारिणी अशी ती रचना होती. तिची कसोटी १९३९ मध्ये लागली. महायुद्धाच्या प्रश्नावर पक्षाने आदेश देताच काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. सत्तेवर बसलेली माणसे पक्षाच्या शब्दाखातर खुर्ची सोडतात, याहून संघटनेचा ठोस पुरावा क्वचितच सापडेल.

त्याच काळात पंजाबात लीगची संघटना नावापुरती होती. १९३७ च्या निवडणुकीत तिला तिथे नगण्य यश मिळाले आणि जिनांना युनियनिस्ट पक्षाच्या सिकंदर हयात खान यांच्याशी समझोता करावा लागला. १९४६ मध्ये लीगने पंजाबातील बहुतेक मुस्लिम जागा जिंकल्या, पण त्यात दुसऱ्या छावणीतून आलेले जमीनदार आणि पीर मोठ्या संख्येने होते. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातली भांडणे इतकी वाढली की जानेवारी १९४९ मध्ये पंजाबची विधानसभा बरखास्त करावी लागली. शिवाय लीगच्या केंद्रीय नेतृत्वातील अनेकांचे मतदारसंघ भारतात राहिले होते, तर पूर्व बंगालची लोकसंख्या पश्चिमेपेक्षा जास्त होती. एक माणूस, एक मत या हिशोबाने निवडणूक झाली तर सत्ता हातची जाण्याची भीती खरीच होती. १९५४ च्या पूर्व बंगालच्या निवडणुकीत लीगचा जवळजवळ धुव्वा उडाला. देशव्यापी सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० उजाडले.

धर्माचा संशय तपासायला दोन देश पुरत नाहीत, पण पाकिस्तानच्या आतच तुलना करता येते. पूर्व बंगालही मुस्लिमबहुल होता. तरी तिथे १९५० मध्ये जमीनदारी रद्द करण्याचा कायदा झाला आणि मतपेटीतून सत्ताधारी पक्ष उखडला गेला. धर्म तोच, राजकारण वेगळे. त्यामुळे धर्मापेक्षा जमीन आणि पक्ष यांचा धागा अधिक बळकट वाटतो.

तरी एक संशयित सुटत नाही: फौज. ब्रिटिश फौजेत पंजाबचा वाटा फार मोठा होता. फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला एकाच प्रांताचे वर्चस्व असलेले सैन्य आले, भारताच्या वाट्याला अधिक मिश्र. स्टीव्हन विल्किन्सन यांनी या असमतोलावर भर दिला आहे. दुबळा पक्ष आणि एकांगी फौज या दोन्ही गोष्टी पाकिस्तानात एकत्र आल्या, म्हणून केवळ या दोन देशांकडे पाहून कोणती किती जबाबदार हे वेगळे काढता येत नाही. त्यात काश्मीरच्या युद्धामुळे एकाची भीती दुसऱ्याच्या लष्करी खर्चात उतरत होती, म्हणजे ही उदाहरणे एकमेकांपासून पुरती सुटी नाहीत. आणि १९७५ ते १९७७ ची आणीबाणी ‘टिकली’ या शब्दाच्या व्याख्येतच अडते. तेव्हा काँग्रेसची जुनी संघटना १९६९ च्या फुटीनंतर पोकळ झालेली होती, ही नोंद ट्यूडर यांच्या उत्तराला पुन्हा आधार देते.